फोटो जुळला, म्हणजे आजार जुळला का?

ताईंनो, मागच्या काही बैठकांमध्ये एक गोष्ट वारंवार कानावर आली. अंगावर डाग दिसला, चट्टा उठला, पुरळ आलं, की घरातलं पोरगं मोबाईल काढतं, फोटो घेतं आणि "यासारखे फोटो शोध" म्हणून टाकतं. क्षणात पडद्यावर वीस-पंचवीस फोटो येतात. त्यातला एक आपल्या डागासारखा दिसतो आणि त्याच्या खाली जे नाव लिहिलेलं असतं, तेच नाव घरात कायमचं होऊन बसतं. "नायटाच आहे, काही नाही." किंवा "अगं बाई, कोड आहे!" या धड्यात आपण बघू, की फोटो जुळणं आणि आजार जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत. त्यासाठी एकच आजार घेऊ. तो आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कोल्हापूरकरांना शेंडा पार्कचं कुष्ठधाम माहीत आहे. तोच कुष्ठरोग.

धडा नीट समजावा म्हणून दोन घरांची उदाहरणं मांडते. नावं घेत नाही, पण अशी घरं तुमच्याही गल्लीत असतील.

पहिलं घर

एक ताई, वय अडतीस. उसाच्या भांगलणीला जातात, घरी दोन म्हशी आहेत. डाव्या हाताच्या कोपराखाली एक चट्टा आला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, मधे फिकट, कडेला किंचित उचललेली लालसर गोल रेघ. बारावीतल्या मुलानं फोटो काढून मोबाईलवर शोधला. धाकटी जाऊ शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "आक्का, हे बघा, सगळे नायट्याचेच फोटो आलेत. अगदी आपल्यासारखाच गोल. मेडिकलमधनं मलम आणू या."

मलम आलं. पाच महिने लावलं. चट्टा गेला नाही, पण वाढलाही फारसा नाही, म्हणून कुणी काळजी केली नाही. एका सकाळी भाकरी भाजताना हात तव्याला टेकला. ताईंना कळलंच नाही. दुपारी मुलीनं विचारलं, "आई, हाताला फोड कसला आलाय गं?" तेव्हा ताईंनी हात बघितला. फोड नेमका त्या चट्ट्यावरच आला होता.

गावातल्या आशाताई आल्या. त्यांनी फोटो मागितलाच नाही. त्यांनी ताईंना डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनच्या टोकानं हळूच स्पर्श करायला सुरुवात केली. चांगल्या कातडीवर स्पर्श केला, की ताई लगेच बोटानं जागा दाखवत. चट्ट्याच्या मधोमध स्पर्श केला, की ताई गप्प. "आता कुठं लागलं?" "काय न्हाई, कुठं लावलाय?" असं तीनदा झालं. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी कोपराजवळची नस चाचपली, सगळं अंग तपासलं आणि कुष्ठरोगाचं निदान केलं. औषध फुकट मिळालं, तेही त्याच दिवसापासून.

आता प्रश्न असा, की मोबाईल चुकला कुठं? खरं सांगायचं तर त्यानं त्याचं काम चोख केलं. चूक आपण त्याला विचारलेल्या प्रश्नात होती.

मोबाईल नेमकं काय जुळवतो?

समजा, तुम्ही इचलकरंजीच्या बाजारात एक साडी बघितली, फोटो काढला आणि मोबाईलवर शोधला. मोबाईल तुम्हाला तसाच रंग, तसंच काठ, तशीच बुट्टी असलेल्या साड्या दाखवेल. हे काम त्याला छान जमतं. पण ती साडी हातमागाची की यंत्रमागाची, धुतल्यावर रंग जाईल की राहील, सूत किती दमाचं आहे, हे तो सांगू शकत नाही. ते कापड चिमटीत धरूनच कळतं. धुवून बघितल्यावर कळतं.

कातडीच्या फोटोचंही तेच होतं. मोबाईल फोटोतला रंग, कडा, आकार, डागाचा ठसा यांचे आकडे करतो आणि इंटरनेटवरच्या कोट्यवधी फोटोंमधून ज्यांचे आकडे जवळचे आहेत ते काढून दाखवतो. तुमचा डाग किती महिन्यांचा आहे, तो खाजतो का, त्यावरून कोंडा सुटतो का, तिथं गरम-गार कळतं का, घरात आणखी कुणाला आहे का, यातलं एकही त्याला माहीत नसतं, कारण यातलं एकही फोटोत दिसत नाही.

आणि कुष्ठरोगाची खरी खूण नेमकी इथंच आहे. कुष्ठरोगाचे जंतू कातडीतल्या नसांवर हल्ला करतात. म्हणून चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, गरम कळत नाही, टोचलेलं कळत नाही. बधिरपणाला रंग नसतो. त्याचा फोटो निघतच नाही. कुष्ठरोगाचा चट्टा काही वेळा कडेला उचललेला आणि मधे फिकट असतो, हुबेहूब नायट्यासारखा. फोटोत दोघं सारखे दिसतात. फरक इतकाच, की नायटा बहुधा खाजून खाजून जीव नकोसा करतो आणि तिथं हात लावलेला कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो.

खोटा दिलासा आणखी एका वाटेनंही येतो. इंटरनेटवर "कुष्ठरोग" म्हणून शोधलं, तर बहुतेक झडलेली बोटं, वाकडे हात, बसलेलं नाक असे फोटो येतात. तो उपचार न झालेल्या आजाराचा शेवट असतो. सुरुवातीचा फिकट, साधा चट्टा कुणी फोटो काढून टाकत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. मग आपण म्हणतो, "आपला तर तसा दिसत नाही, म्हणजे तो नव्हेच." आजार ज्या टप्प्यावर पूर्ण बरा होतो आणि अपंगत्व येत नाही, नेमका तोच टप्पा फोटोंच्या गर्दीत हरवलेला असतो.

दुसरं घर

याच्या उलट गोष्ट. सात वर्षांची पोर, गालावर दोन फिकट ठिपके. उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता दिसले. आईनं फोटो काढला. पडद्यावर पहिल्याच ओळीत कोडाचे फोटो आले, खाली एका मलमाची जाहिरात, त्याच्याखाली कुष्ठरोगाचा एक फोटो. आईच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीला दूध आणि मासे एकत्र देणं बंद झालं, मग दोन्हीच बंद झालं. शाळेत कुणी बघेल म्हणून गालाला पावडर. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाचं कसं व्हायचं?" सात वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी! जाहिरातीतल्या मलमावर गटाच्या कर्जातले पैसे गेले.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पोरीला उजेडात उभं केलं. ठिपके पांढरेशुभ्र नव्हते, नुसते फिकट होते. त्यांच्या कडा पुसट होत्या, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागायचे. पेनचा स्पर्श पोरीला बरोबर कळला, उलट तिला गुदगुल्या झाल्या. कोरड्या कातडीमुळे लहान मुलांच्या गालावर असे ठिपके फार येतात. बाकीची कातडी उन्हानं रापली, की ते जास्त उठून दिसतात. साधं तेल किंवा ओलावा देणारं मलम लावायचं, ते आपोआप काही महिन्यांत विरतात. ते ना कोड, ना कुष्ठरोग. दूध-माशांचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही.

या घरातही फोटो जुळला होता. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, पण मोबाईलनं भर उन्हात किंवा फ्लॅश मारून फोटो काढला, तर साधा फिकट ठिपकाही दुधासारखा पांढरा दिसतो. सगळा फरक होता छटेचा, आणि छटाच तर कॅमेरा बदलून टाकतो.

घरी करून बघा

ऐकून पटत नसेल, तर एक प्रयोग करा. तुमच्या अंगावर जुना भाजल्याचा व्रण असेल किंवा दंडावर लहानपणीच्या लसीचा वण असेल. तो कशाचा आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्याचे तीन फोटो काढा. एक संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली, एक दुपारी सोप्यात उजेडात, एक फ्लॅश मारून अगदी जवळून. तिन्ही वेगवेगळे शोधा. बहुधा तिन्ही वेळा वेगळे फोटो आणि वेगळी नावं येतील. वण तोच, हात तोच, माणूस तोच. बदलला तो फक्त उजेड आणि अंतर. काही मोबाईल तर कातडी आपोआप गुळगुळीत आणि उजळ करतात. म्हणजे डागाच्या ज्या खुणा बघायच्या, त्याच तो पुसून टाकतो.

आता आलेल्या नावांची यादी बघा. पाच-सहा आजार असतील. त्यातलं कुठलं खरं हे मोबाईल सांगत नाही, निवड आपण करतो. ज्याला भीती वाटते तो सगळ्यात वाईट नाव उचलतो. ज्याला दवाखान्यात जायला वेळ नाही, पैसे नाहीत, तो सगळ्यात साधं नाव उचलतो. म्हणजे फोटोनं उत्तर दिलं असं वाटतं, पण उत्तर दिलं आपल्याच मनानं.

"पण ताई, दहापैकी सात फोटो नायट्याचे होते" असंही कुणी म्हणेल. लक्षात घ्या, एकच फोटो अनेक जण उचलून अनेक पानांवर टाकतात. सात फोटो म्हणजे सात डॉक्टरांचं मत नव्हे. शिवाय त्यातली बरीच पानं काहीतरी विकणाऱ्यांची असतात. आणि एक महत्त्वाचं, इंटरनेटवरच्या कातडीच्या फोटोंमध्ये गोऱ्या कातडीचे फोटो जास्त आहेत. गोऱ्या कातडीवर जे लालभडक दिसतं, तेच आपल्या सावळ्या कातडीवर काळपट, जांभळट किंवा तपकिरी दिसतं. म्हणून आपला डाग भलत्याच आजाराच्या फोटोशी जुळतो.

मलमाचा घोटाळा

पहिल्या घरातलं मलम आठवा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या बऱ्याच मिश्र मलमांमध्ये स्टेरॉइड असतं. ते लावलं, की लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत कमी होते. आपल्याला वाटतं, फोटोचं निदान बरोबर होतं. पण खरोखरचा नायटा असला, तर स्टेरॉइडनं त्याची बुरशी आतून पसरत जाते आणि गोल कड पुसली जाते. मग तो कशासारखाच दिसत नाही. दुसऱ्यांदा फोटो काढून शोधलं, तर तिसरंच नाव येतं. आणि चट्टा कुष्ठरोगाचा असला, तर लाली जराशी दबते, नस मात्र आत झिजतच राहते. म्हणजे चुकीच्या मलमानं फोटोच बदलतो आणि डॉक्टरांचंही काम अवघड होतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना लावलेल्या मलमाची रिकामी नळी बरोबर न्या. लाजू नका.

स्पर्शाची तपासणी

आशाताई ज्या पद्धतीनं तपासतात, ती समजून घ्या. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर पेनचं टोक हलकेच टेकवून दाखवायचं, की असं लागल्यावर तिथं बोट ठेवायचं. मग डोळे मिटायचे. कधी चांगल्या कातडीवर, कधी चट्ट्याच्या मधे, असं क्रम बदलत स्पर्श करायचा. पेन फिरवायचा नाही, टोचायचा नाही, नुसता टेकवायचा. "लागलं का?" असं विचारायचंही नाही, कारण माणूस सवयीनं "हो" म्हणतो. त्यानं स्वतः बोट ठेवून दाखवायला हवं.

पण याचीही मर्यादा आहे, ती विसरू नका. चट्ट्यावर स्पर्श कळला नाही, तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात जायचंच. स्पर्श कळला, म्हणजे कुष्ठरोग नाहीच, असं मात्र ठरत नाही. चेहऱ्यावर नसा दाट असतात, तिथल्या चट्ट्यावर स्पर्श बराच काळ कळत राहतो. एका प्रकारात अंगभर पुष्कळ फिकट, तेलकट चट्टे किंवा गाठी येतात, पण बधिरपणा सुरुवातीला नसतो. म्हणून या खुणाही बघा: कानाच्या पाळ्या जाड होणं, भुवयांचे केस विरळ होणं, हातापायाला मुंग्या येणं, मूठ सैल पडणं, सुईत दोरा ओवता न येणं, चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणं. घरी तपासणी करायची ती दवाखान्यात लवकर जाण्यासाठी. ती करून दवाखाना टाळायचा नाही.

निदान झालं तर

कुष्ठरोग बरा होतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाची पाकिटं फुकट मिळतात. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण सहा महिने आणि त्याहून जास्त असतील तर बारा महिने उपचार चालतो. किती नसांना त्रास आहे हेही डॉक्टर बघतात. औषधानं लघवीला लालसर रंग येतो, एका गोळीनं कातडी काही काळ काळवंडते. त्याला घाबरून औषध सोडू नका, गोळ्या संपल्यावर रंग हळूहळू मूळपदावर येतो. हात मिळवून, एका ताटात जेवून हा आजार होत नाही. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शिंका-खोकल्यातून, तेही दीर्घ सहवासात तो पसरतो आणि बहुतेकांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद असतेच. उपचार सुरू झाला, की पसरणं लवकरच थांबतं. घरातल्यांनाही आरोग्य कर्मचारी तपासतात आणि गरज असेल त्यांना प्रतिबंधाचा एक डोस देतात.

जंतू शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात, कधी वीसही. त्यामुळे "कुणाकडून लागला" याचा शोध घेत कुणा बाईवर बोट दाखवण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट प्रत्येक बाईला माहीत असू द्या. 2019 सालच्या कायद्यानं कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून काढून टाकलं आहे. नवरा किंवा सासर त्या कारणानं घराबाहेर काढू म्हणत असेल, तर त्याला कायद्याचा आधार नाही.

पहिल्या घरातल्या ताईंचे सहा महिने पूर्ण झाले. चट्टा फिकट झाला, पण तिथलं बधिरपण मात्र राहिलं. पाच महिने मलमात गेले नसते, तर कदाचित तेवढंही राहिलं नसतं. आता त्या भाकरी करताना डाव्या हातावर ओला फडका गुंडाळतात आणि रोज झोपताना दिव्याखाली दोन्ही हात न्याहाळतात. न कळलेली जखम डोळ्यांनी शोधायची, हीच त्यांची नवी सवय.

मग फोटो काढायचाच नाही का?

काढा, पण शोधायला टाकू नका, आठवणीसाठी ठेवा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, दिवसा सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न मारता, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो घ्या. डाग वाढतोय की विरतोय, हे डॉक्टरांना त्यातून कळतं. आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टर फोटो बघतात तेव्हा ते प्रश्नही विचारतात, बघून शंका वाटली तर प्रत्यक्ष बोलावतात. मोबाईलचा शोध एकही प्रश्न विचारत नाही. अवघड निदान असेल, तर सीपीआर रुग्णालयातला त्वचारोग विभाग आहेच.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या गटात कुणाच्या घरी तीन महिन्यांपेक्षा जुना, न खाजणारा चट्टा आहे का? तो चारचौघींत दाखवायला सांगू नका, आशाताईंशी एकटीनं बोलण्याची सोय करा.

2. फोटो बघून घरात कुठलं नाव ठरलं होतं आणि डॉक्टरांनी काय सांगितलं? दोन्ही वेगळं निघालेल्या ताईंनी अनुभव सांगावा, नाव न घेता.

3. 30 जानेवारीला गावात "स्पर्श" कुष्ठरोग जनजागृती अभियानाची ग्रामसभा असते. आपल्या गटातून कोण कोण जाणार?